पशू-आरोग्य नोंद : लसीकरण, उपचार आणि दूध वर्ज्य काळ

दुभत्या गाई-म्हशींना दिलेल्या लसी, झालेले उपचार आणि त्यांच्याशी जोडलेल्या तारखा यांची जनावरनिहाय नोंद. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ती तीन ठिकाणी विखुरलेली असते. लसीकरणाची माहिती जनावराच्या कानातल्या 12 अंकी बिल्ल्याच्या क्रमांकावर ‘भारत पशुधन’ प्रणालीत जाते. उपचाराची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या केसपेपरवर किंवा खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर राहते. शेवटचे औषध कोणत्या दिवशी आणि किती वाजता दिले, हे मात्र फक्त गोठ्यातल्या माणसाला ठाऊक असते. दुधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असते ती हीच तिसरी माहिती, आणि बहुधा ती कुठेच लिहिलेली नसते.

पशुपालकाला ही नोंद समजावताना पहिल्यांदा तारखांचे दोन प्रकार वेगळे करून दाखवावे लागतात. एक तारीख पुढच्या मात्रेची असते. त्या दिवशी किंवा त्याच्या आसपास लस द्यायची असते. दुसरी तारीख अडवणारी असते. ती उलटेपर्यंत त्या जनावराचे दूध कॅनमध्ये जाता कामा नये. छापील कार्डावर पहिल्या तारखेसाठी रकाना असतो, दुसरीसाठी सहसा नसतो. तो वहीत हाताने आखून घेणे चांगले.

लसींच्या तारखा. लाळ-खुरकत आणि सांसर्गिक गर्भपात (ब्रुसेलोसिस) या दोन रोगांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर 2019 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. लाळ-खुरकतीची लस दर सहा महिन्यांनी द्यायची असते. गाईला 20 मार्च 2025 रोजी लस दिली असेल, तर पुढची तारीख 20 सप्टेंबर 2025 येते. गावातली मोहीम त्या दिवशीच येईल असे नसते. मोहीम महिनाभर पुढे सरकली तर तेवढे दिवस जनावराचे संरक्षण उतरणीला लागलेले असते. वहीत तारीख असेल तर दवाखान्यात आधीच विचारता येते. वासराला वयाच्या चार महिन्यांनंतर पहिली मात्रा आणि साधारण महिन्याने वर्धक मात्रा द्यावी लागते, त्यानंतर सहामाही क्रम सुरू होतो. ‘एकदा टोचले आहे’ एवढीच नोंद असलेल्या वासराची वर्धक मात्रा झाली की नाही, हे मुद्दाम तपासावे.

मोहिमेच्या दिवशी शेवटच्या महिन्यांतली गाभण गाय किंवा तापाने फणफणलेले जनावर बहुधा वगळले जाते. तो निर्णय योग्यच असतो. मात्र नोंदीत तिथे कोरी जागा राहिली, तर ते जनावर पुढच्या फेरीपर्यंत विसरले जाते. तिथे ‘गाभण, व्याल्यानंतर देणे’ असे कारणासह लिहावे.

घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी द्यायच्या असतात. लस टोचल्यापासून प्रतिकारशक्ती उभी राहायला दोन-तीन आठवडे जातात. मराठवाड्यात पाऊस जूनमध्ये सुरू होतो, त्यामुळे मे महिन्याचा मध्य उलटू देऊ नये. पहिला पाऊस पडून गेल्यावर टोचलेली लस नोंदीत वेळेवर दिसते, पण धोक्याचे सुरुवातीचे दिवस उघडेच राहिलेले असतात. लम्पी त्वचारोगाची लस 2022 च्या साथीपासून या वार्षिक क्रमात आली आहे.

ब्रुसेलोसिसच्या लसीची ओळ मात्र सगळ्यांपेक्षा वेगळी वाचावी लागते. ही लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात आणि आयुष्यात एकदाच दिली जाते. एस-19 ही जिवंत जंतूंची लस आहे. गाभण गाईला ती टोचली तर गर्भपात होऊ शकतो. टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली किंवा डोळ्यात थेंब उडाला तर माणसालाही बाधा होऊ शकते. म्हणून या रकान्यात ‘पुढची तारीख’ नसते, आणि ती नाही म्हणून नोंद अपुरी आहे असे समजू नये. ही ओळ जपून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. पुढे गाय गाभडली आणि रक्ततपासणी झाली, तर रक्तात सापडलेली प्रतिपिंडे रोगाची की लसीची, हा प्रश्न येतो. कालवड लहान असताना, ठरलेल्या वयात लस दिल्याची तारीख हाताशी असेल तर डॉक्टरांना त्याचे उत्तर शोधणे सोपे जाते. मोठ्या वयात लस दिली गेली असेल तर ही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकून निदान चकवू शकतात.

लसीच्या ओळीत बॅच क्रमांकही असतो. तो अनेकांना निरुपयोगी वाटतो. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, आणि तेलयुक्त लस गोठली तरी खराब होते. लसीकरण होऊनही एकाच गावात रोग उसळला, तर कुठल्या बॅचची जनावरे आजारी पडली हे याच क्रमांकावरून शोधता येते.

नेहमीच्या लसींसाठी दूध ओतून देण्याची गरज नसते. टोचल्यावर दोन-चार दिवस थोडा ताप येतो, मानेवर गाठ येते, दूध काहीसे घटते, पण ते दूध वापरता येते. ‘लस दिली म्हणून दूध बंद’ ही समजूत काढून टाकावी, कारण याच भीतीने अनेक जण मोहिमेच्या दिवशी गाय रानात नेतात. गोंधळ होतो तो जंतनाशकामुळे. लसीकरणाच्या आठ-पंधरा दिवस आधी जंतनाशक देण्याची पद्धत आहे आणि त्याची नोंद लसीच्या लगतच होते. जंतनाशक हे औषध आहे, त्यामुळे त्याला वर्ज्य काळ असतो. आयव्हरमेक्टिन चरबीत साठते आणि दुधातून बरेच दिवस झिरपत राहते. धारेवरच्या गाईला ते देऊ नये असे बहुतेक लेबलांवर लिहिलेले असते.

दूध वर्ज्य काळ. लेबलावर याला ‘विथड्रॉवल पिरियड’ म्हणतात. औषधाच्या शेवटच्या मात्रेपासून दुधातला अंश कायदेशीर मर्यादेखाली येईपर्यंतचा हा काळ. अन्नोपयोगी जनावरांच्या औषधाच्या लेबलावर तो छापणे औषध नियमांतील नियम 97 नुसार बंधनकारक आहे. त्या जातीच्या जनावरात तो पडताळलेला नसेल, तर दुधासाठी किमान 7 दिवस आणि मांसासाठी किमान 28 दिवस धरायचे, असे 2012 च्या दुरुस्तीने ठरले. लेबल गहाळ झाले असेल किंवा चिठ्ठीवर फक्त ‘इंजेक्शन दिले’ असे लिहिले असेल, तर सात दिवस ही अंदाजाची खालची पायरी आहे. मात्रा वाढवली किंवा दोन औषधे एकत्र दिली, तर डॉक्टरांना विचारून काळ वाढवावा लागतो.

हिशेब कसा करायचा ते एका उदाहरणाने पाहू. फुलंब्री तालुक्यातल्या एखाद्या गोठ्यातली, दुसऱ्या वेताची होल्स्टीन संकरित गाय धरू. 2 जुलै 2025 च्या संध्याकाळी डाव्या मागच्या सडातून गुठळ्या आल्या, कास गरम लागली. डॉक्टरांनी कासदाहाचे निदान करून तीन औषधे सुरू केली. प्रतिजैविकाचे इंजेक्शन रोज संध्याकाळी सहाला, 2, 3 आणि 4 जुलैला. लेबलवर दुधासाठी चार दिवस. सडात सोडायची ट्यूब सकाळ-संध्याकाळ, शेवटची 5 जुलैला सकाळी सहाला. लेबलवर 72 तास. सूज आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, शेवटची मात्रा 4 जुलैला संध्याकाळी सहाला. लेबलवर पाच दिवस.

मोजणी पहिल्या इंजेक्शनपासून होत नाही. इथे बहुतेकांची चूक होते, आणि ती दोन दिवसांची असते. प्रत्येक औषधाच्या शेवटच्या मात्रेपासून वेगळे मोजले, तर ट्यूबचा काळ 8 जुलैला सकाळी सहाला, इंजेक्शनचा 8 जुलैला संध्याकाळी सहाला आणि मेलॉक्सिकॅमचा 9 जुलैला संध्याकाळी सहाला संपतो. सर्वांत उशिराची वेळ खरी धरायची. इथे ती प्रतिजैविकाची नसून वेदनाशामकाची आहे, आणि तिच्याकडेच हमखास दुर्लक्ष होते. 9 जुलैची धार साडेपाचला काढली जात असेल, तर ते दूधही वर्ज्य. कॅनमध्ये पहिले दूध 10 जुलैच्या सकाळचे. वहीतली ओळ अशी होईल : ‘शेवटचे औषध 4/7 सायं. 6 (मेलॉक्सिकॅम), शेवटची ट्यूब 5/7 सकाळी 6; दूध सुरू 10/7 सकाळ.’

वेगवेगळ्या ब्रँडचे काळ वेगळे असतात. वरचे आकडे दुसऱ्या बाटलीला लावू नयेत. रिकामी बाटली आणि ट्यूबचे खोके काळ संपेपर्यंत जपावे किंवा लेबलचा फोटो काढून ठेवावा. काही लेबलांवर तासांऐवजी ‘सहा धारा’ असे लिहिलेले असते. दिवसातून दोनदा, बारा तासांनी धार काढली तरच त्या 72 तासांच्या बरोबर होतात.

एकाच सडात ट्यूब सोडली म्हणून उरलेल्या तीन सडांचे दूध चालते, असे नाही. औषध रक्तात शोषले जाऊन तिथेही उतरते, शिवाय या गाईला इंजेक्शनही दिलेले आहे. उकळल्याने अंश नाहीसा होईल यावर भिस्त ठेवू नये. हे दूध वासरालाही पाजू नये, त्याच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. ते खड्ड्यात ओतावे. गाय दिवसाला दहा लिटर देत असेल आणि लिटरला तीस रुपये धरले, तर आठवड्याचे सुमारे 2,100 रुपये जातात. छोट्या गोठ्याला हा फटका मोठा आहे. म्हणून औषध सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, की तितकेच उपयोगी पण कमी वर्ज्य काळाचे औषध आहे का.

चूक झाली तर ती आधी विरजणात दिसते. दही लागत नाही, कारण विरजणातल्या जिवाणूंनाही औषध रोखते. दही लागले म्हणजे दूध निर्धोक, असा उलटा अर्थ मात्र काढता येत नाही. दुग्धप्रकल्पात प्रतिजैविक चाचणी जिवाणूंवरच चालते : दूध स्वच्छ असेल तर जिवाणू वाढून आम्ल तयार होते आणि जांभळा रंग पिवळा पडतो, अंश असेल तर तो जांभळाच राहतो. मेलॉक्सिकॅम या चाचणीत सापडत नाही, त्यामुळे त्याची जबाबदारी सर्वस्वी वहीवर राहते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी सर्वेक्षणात 6,432 नमुन्यांपैकी 77 नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त सापडली होती.

घरात धार काढणारी माणसे दोन-तीन असतात. उपचाराखालच्या गाईच्या गळ्यात लाल फडके बांधावे आणि तिची धार सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात काढावी. नोंद डॉक्टरांसाठी असते, फडके धार काढणाऱ्यासाठी.

आटवणे आणि विक्री. गाय आटवताना चारही सडांत सोडलेल्या ट्यूबचा काळ आठवड्यांचा असतो. 10 जानेवारी 2025 ला रेतन झालेली गाय 280 दिवसांनी, 17 ऑक्टोबरच्या सुमारास व्यायला हवी, म्हणून ती 18 ऑगस्टच्या आसपास आटवतात. ती पंधरा दिवस आधीच व्याली तर चीक संपल्यावरही दूध सुरू करण्यापूर्वी ट्यूबची तारीख पाहावी लागते.

महाराष्ट्रात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्याच्या क्रमांकावरून लसींची नोंद पाहता येते, मागच्या आठवड्यातले इंजेक्शन मात्र त्यात असेलच असे नाही. दुभती गाय घेणाऱ्याने शेवटच्या उपचाराची तारीख आणि औषधाचे नाव विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. ते न मिळाल्यास पहिले सात दिवस तिचे दूध वेगळे ठेवावे.