आयरॅक पद्धत

आयरॅक ही कायद्याच्या परीक्षेतील समस्याप्रधान प्रश्नाचे उत्तर मांडण्याची पद्धत आहे. इश्यू, रूल, ॲप्लिकेशन व कन्क्लूजन या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. मराठीत या टप्प्यांना मुद्दा, नियम, उपयोजन व निष्कर्ष म्हणता येते.

== उदाहरण ==
हरवलेला कुत्रा आणून देणाऱ्यास ५,००० रुपये देण्याची जाहिरात ‘अ’ देतो. ‘ब’ला कुत्रा सकाळी सापडतो. दुपारी तो जाहिरात वाचतो व सायंकाळी कुत्रा पोहोचवतो. ‘अ’ बक्षीस नाकारतो.

* '''मुद्दा:''' ‘ब’च्या कृतीने प्रस्तावाची स्वीकृती झाली काय?
* '''नियम:''' भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ८ नुसार प्रस्तावातील अटींची पूर्तता म्हणजे स्वीकृती होय. मात्र लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त (१९१३) या खटल्यात, बक्षिसाची माहिती नसताना हरवलेला मुलगा शोधणाऱ्या नोकराचा दावा अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळला.
* '''उपयोजन:''' कुत्रा सापडला तेव्हा ‘ब’ला प्रस्ताव ठाऊक नव्हता, असे ‘अ’ म्हणेल. परंतु जाहिरातीची अट केवळ शोधण्याची नसून आणून देण्याची आहे, आणि ती पूर्ण होण्यापूर्वी ‘ब’ने जाहिरात वाचली होती. त्यामुळे लालमनचा निर्णय येथे जसाच्या तसा लागू होत नाही.
* '''निष्कर्ष:''' ‘ब’ बहुधा बक्षिसास पात्र ठरेल.

== सामान्य चूक ==
नियम लिहून थेट निष्कर्ष देणे ही नेहमीची चूक आहे. ‘सकाळी’ व ‘दुपारी’ हे शब्द गाळूनही उत्तर तसेच राहत असेल, तर उपयोजन झालेलेच नाही असे समजावे.