क्रॉप मोडची कुळकथा

हिंगणीवरून बोर व्याघ्र प्रकल्पात शिरताना ४०० मिमीची लेन्स सोबत असली, तरी वाघ बहुतेक वेळा फ्रेममध्ये लहानच दिसतो. मग बोट क्रॉप मोडकडे वळतं आणि लेन्स ६०० मिमीची झाल्यासारखी वाटते. पण हा मोड लांबचं जवळ आणण्यासाठी जन्मलाच नव्हता.

त्याचा पूर्वज फिल्ममध्ये सापडतो. १९९६ साली कोडॅक, फुजी, कॅनन, निकॉन आणि मिनोल्टा यांची एपीएस फिल्म बाजारात आली. तिच्यावर प्रत्येक फोटो ३०.२ बाय १६.७ मिमीच्या पूर्ण चौकटीतच उमटायचा. ‘क्लासिक’ आकार निवडला, तर कॅमेरा तेवढी सूचना नोंदवून ठेवी आणि लॅब मधला २५.१ मिमी रुंदीचा भाग छापे. मन बदललं, तर त्याच निगेटिव्हवरून पूर्ण फोटो पुन्हा छापता येई. पुढे साधारण ‘क्लासिक’च्या आकाराच्या डिजिटल सेन्सरला एपीएस-सी हे नाव मिळालं.

निकॉनने २००४ साली जाहीर केलेल्या डी२एक्समध्ये ‘हाय-स्पीड क्रॉप’ आला. १२.४ मेगापिक्सेलपैकी मधले ६.८च वाचले, की सेकंदाला पाचऐवजी आठ फोटो निघत. २००७च्या डी३ या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात क्रॉपमुळे जुन्या, लहान सेन्सरसाठीच्या लेन्सही चालू लागल्या. वेग आणि जुन्या लेन्स, हीच त्याची खरी कारणं.

आता बोरचा वाघ घ्या. निकॉन डी८५०चा पूर्ण फोटो ८२५६ बाय ५५०४ पिक्सेलचा असतो. डीएक्स क्रॉपमध्ये ५४०८ बाय ३६०० उरतात, म्हणजे ४५.४ मेगापिक्सेलचे १९.५. वाघावर पडणारे पिक्सेल दोन्हीकडे तेवढेच असतात, त्यामुळे तपशील कणभरही वाढत नाही. मात्र वाघ अचानक वळला आणि शेपूट चौकटीबाहेर गेली, तर ती रॉ फाइलमध्येही सापडत नाही. एपीएसच्या निगेटिव्हने जपलेला कडेचा भाग इथे लिहिलाच जात नाही.

डिजिटल झूम याच्याही पुढे जातो. तो मधला भाग कापतो, मग अंदाजाने नवे पिक्सेल भरून फाइल पुन्हा मोठी करतो. फोटो १०० टक्क्यांवर पाहिला, की मिशांचे केस मेणचट दिसतात. फक्त जेपीईजीच काढायचा असेल, तर कॅमेऱ्यातलं हे वाढवणं कधी थोडं सरस ठरतं, कारण ते कॉम्प्रेशनच्या आधी होतं.

क्रॉपचे फायदेही खरे आहेत: फाइल लहान होते, बफर उशिरा भरतो, मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये वाघ मोठा दिसतो. स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी तो जरूर वापरा. चालत्या वाघासाठी मात्र पूर्ण फ्रेम रॉमध्ये घ्या आणि कात्री घरी लावा.