विंडोजमधील फोल्डरनावांची बंधने

विंडोजमधील फोल्डरनावांची बंधने म्हणजे मायक्रोसॉफ्ट विंडोज ही संगणक प्रणाली काही विशिष्ट नावे फोल्डरला देऊ देत नाही, तसेच नावाच्या शेवटी असलेला टिंब व मोकळी जागा न विचारता काढून टाकते, यासंबंधीचे नियम होत. मराठीत ‘जि.’, ‘ता.’, ‘लि.’ अशी संक्षेपरूपे टिंबाने संपत असल्याने दुसऱ्या नियमाचा परिणाम मराठी नावांवर विशेष जाणवतो.

== राखीव नावे ==

`CON`, `PRN`, `AUX`, `NUL`, `COM1` ते `COM9` आणि `LPT1` ते `LPT9` ही नावे राखीव आहेत. ती फायलींची नसून उपकरणांची नावे आहेत: `CON` म्हणजे कळफलक व पडदा, `PRN` व `LPT1` म्हणजे मुद्रक, तर `NUL` म्हणजे पाठवलेली माहिती नाहीशी करणारे काल्पनिक उपकरण. डॉस प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, त्यामुळे उपकरणाचे नाव सर्वत्र एकच अर्थ देत असे. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून ही नावे प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली. विंडोजने हीच परंपरा पुढे चालवली.

लहान किंवा मोठ्या अक्षरांनी यात फरक पडत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या टिपणांसाठी `com1`, `com2`, `com3` असे फोल्डर करू पाहिल्यास उपकरणाचे नाव अवैध असल्याचा संदेश येतो. `com-1` किंवा देवनागरी ‘कॉम१’ हे नाव मात्र चालते, कारण बंधन फक्त त्या ठरावीक रोमन नावांपुरते आहे.

== शेवटचा टिंब व मोकळी जागा ==

हे बंधन अधिक फसवे आहे, कारण येथे त्रुटीचा संदेश येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील बारा तालुक्यांची छायाचित्रे वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवायची आहेत, असे समजा. त्यासाठी पुढील आज्ञा दिली:

```
md "करवीर ता."
```

आज्ञा यशस्वी होते, पण तयार झालेल्या फोल्डरचे नाव `करवीर ता` असते. पुढे `cd "करवीर ता."` ही आज्ञाही चालते, कारण तेथेही टिंब गळतो. त्यामुळे बदल लक्षात येत नाही. एखादा प्रोग्रॅम मूळ यादीतील नावे प्रत्यक्ष फोल्डरांच्या नावांशी जुळवून पाहू लागला, की ‘करवीर ता.’ सापडत नाही आणि चूक उघड होते.

== कारण ==

विंडोजवर वापरली जाणारी एनटीएफएस ही फाइल व्यवस्था अशी नावे साठवू शकते. बंधन तिच्या वरच्या स्तरात आहे. प्रोग्रॅमने दिलेला मार्ग फाइल व्यवस्थेकडे जाण्यापूर्वी विंडोज त्याचे प्रमाणीकरण करते. त्यात शेवटचे टिंब व मोकळ्या जागा काढल्या जातात. मार्गाच्या आरंभी `\\?\` लिहिल्यास ही पायरी वगळली जाते.

== परिणाम ==

लिनक्समध्ये असे बंधन नसल्याने तेथे `करवीर ता` आणि `करवीर ता.` हे दोन वेगळे फोल्डर असू शकतात. लिनक्स वापरून ते एनटीएफएस डिस्कवर लिहिले गेले, तर विंडोजमध्ये दोन्ही यादीत दिसतात. परंतु टिंब असलेला फोल्डर नेहमीच्या रीतीने उघडत नाही. त्याचे नाव देऊन पुसण्याची आज्ञा दिल्यास टिंब गळून दुसराच फोल्डर पुसला जाण्याचा धोका असतो. दुसरा फोल्डर नसल्यास ‘सापडत नाही’ असा संदेश येतो. यादीत दिसणारा फोल्डर सापडत नाही असे प्रणाली सांगत असेल, तर नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा आहे का, हे पाहावे लागते.

== उपाय ==

नको असलेला फोल्डर पुसण्यासाठी पूर्ण मार्ग द्यावा लागतो:

```
rd /s "\\?\D:\कोल्हापूर\करवीर ता."
```

यामुळे आतील सर्व फायलीही पुसल्या जातात. त्या हव्या असल्यास ज्या लिनक्स संगणकावरून फोल्डर लिहिला, तेथूनच त्याचे नाव बदलणे सुरक्षित ठरते.

नाव देतानाच अडचण टाळता येते. टिंब नावाच्या मध्ये असेल तर तो टिकतो. म्हणून पत्त्यात लिहितात त्याप्रमाणे ‘ता. करवीर’ किंवा ‘जि. कोल्हापूर’ असे नाव निर्धोक असते. संक्षेप शेवटीच हवा असल्यास देवनागरीचे स्वतंत्र लाघवचिन्ह वापरून ‘ता॰’ असे लिहिता येते. विंडोज त्याला टिंब मानत नाही, म्हणून ते गळत नाही. मात्र त्यानंतर ‘ता.’ असा शोध घेतल्यास ‘ता॰’ सापडेलच असे नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न चिन्हे आहेत.