उकळी उतरलेले पाणी (कॉफी)

कागदी गाळणीतून कॉफी करताना पाणी उकळी उतरल्यावर, म्हणजे साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसला ओतावे, असा सल्ला दिला जातो. 'उकळत्या पाण्याने कॉफी जळते' हे त्यामागचे नेहमीचे कारण मात्र टिकत नाही. भाजताना बियांचे तापमान २०० अंशांच्या वर गेलेले असते. १०० अंशांचे पाणी त्यांना आणखी काय जाळणार? खरे कारण निष्कर्षणाच्या वेगात आहे. पाणी जितके गरम, तितकी पुडीतील द्रव्ये लवकर विरघळतात आणि कणांच्या आतून बाहेर येतात. आंबट आम्ले आधी सुटतात, कडू-तुरट द्रव्ये मागाहून. पाणी कोमट असेल तर कॉफी आंबट आणि पाणचट राहते. फार गरम असेल आणि पूड बारीक असेल, तर ती कडू होते व जिभेवर कोरडेपणा ठेवते.

शिवाय किटलीतले तापमान म्हणजे पुडीतले तापमान नव्हे. २५ अंशांच्या १५ ग्रॅम पुडीवर ती फुलण्यासाठी ९६ अंशांचे ३० ग्रॅम पाणी ओतले, तर मिश्रण ८३ अंशांच्या आसपास येते. गाळणीचे भांडे थंड असेल तर आणखी खाली. पुढच्या ओतण्यांनी ते चढते, पण किटलीइतके कधीच होत नाही. म्हणून हलक्या भाजणीच्या, घट्ट व सहज न विरघळणाऱ्या बियांना थेट उकळते पाणी वापरणे मला योग्य वाटते. गडद भाजणीच्या बिया सच्छिद्र, ठिसूळ होतात आणि त्यांतला कडूपणा लवकर उतरतो. त्यांना ९० किंवा त्याहून थोडे कमी पुरे.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ८७, ९० आणि ९३ अंशांना केलेल्या कॉफ्यांची तुलना प्रसिद्ध केली. इतर घटक जुळवून कॉफीचा कडकपणा आणि निष्कर्षणाचे प्रमाण समान ठेवले, तेव्हा तापमानाचा चवीवर परिणाम फारच थोडा दिसला. मग तापमान निरर्थक का? नाही. प्रमाण समान ठेवण्यासाठी ते घटक जुळवावे लागले, यातच उत्तर आहे: तापमान चव घडवते ते मुख्यतः निष्कर्षणाद्वारे. घरी दळण आणि वेळ तीच ठेवून फक्त पाणी थंड केले, तर निष्कर्षण घटते आणि फरक जिभेला कळतो. आंबट कॉफी दळण बारीक करूनही सुधारता येते, हे त्याच निष्कर्षाचे दुसरे टोक.

उकळीनंतर थांबण्याचा नियम समुद्रसपाटीसाठी आहे. उंची दर ३०० मीटरने वाढली की उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे उकळी उतरण्याची वाट न पाहता लगेच ओतावे.