कोलीन : अंड्याच्या बलकातील पोषकद्रव्य आणि त्याची कमतरता

कोलीन हे जीवनसत्त्वांच्या ब गटाशी साधर्म्य असलेले पोषकद्रव्य आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ श्ट्रेकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते प्राण्यांच्या पित्तातून वेगळे केले आणि पित्तासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. मात्र आहारातील त्याचे प्रमाण किती असावे, हे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 1998 मध्ये प्रथम निश्चित केले : पुरुषांसाठी दररोज 550 मिलिग्रॅम, स्त्रियांसाठी 425, गर्भवतींसाठी 450 आणि स्तनदा मातांसाठी 550.

यकृताशी असलेला कोलीनचा संबंध इन्सुलिनच्या शोधातील एक मानकरी चार्ल्स बेस्ट यांच्या टोरांटो येथील प्रयोगांतून पुढे आला. स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगत, पण त्यांच्या यकृतात चरबी साचे. आहारात लेसिथिन दिल्यास हा दोष टळतो आणि लेसिथिनमधील कोलीन हा त्यातील परिणामकारक घटक आहे, हे 1930 च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले. यामागील कारण सरळ आहे. यकृत आपल्याकडील चरबी सूक्ष्म कणांत भरून रक्तात सोडते. या कणांचे बाह्य आवरण मुख्यतः कोलीनपासून बनणाऱ्या फॉस्फॅटिडिलकोलीनचे, म्हणजे लेसिथिनचे असते. आवरणाचा पुरवठा आटला, की चरबी यकृतातच अडकून पडते.

माणसाचे यकृत स्वतःही थोडे कोलीन तयार करते, परंतु ते पुरेसे नसते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात स्टीव्हन झायझेल यांच्या गटाने 57 प्रौढांना कमाल 42 दिवस जवळपास कोलीनरहित आहार दिला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 77 टक्के पुरुषांत व रजोनिवृत्ती झालेल्या 80 टक्के स्त्रियांत यकृतात चरबी साचली किंवा यकृताची वा स्नायूंची हानी दिसली. रजोनिवृत्तीपूर्व स्त्रियांत हे प्रमाण 44 टक्के होते. कोलीन पुन्हा सुरू केल्यावर बिघाड निवळला. इस्ट्रोजेन हे संप्रेरक यकृतातील कोलीननिर्मितीस चालना देते. तरुण स्त्रियांना मिळणारे संरक्षण त्याचेच. काही स्त्रियांत जनुकीय भेदामुळे ही चालना मिळत नाही, आणि त्या 44 टक्क्यांचे स्पष्टीकरण बव्हंशी तेथे सापडते.

गर्भारपणी इस्ट्रोजेन वाढते, तरीही मातेचा साठा घटतो. कारण नाळेतून कोलीन गर्भाकडे सातत्याने ओढले जाते. नव्या मेंदूपेशींची आवरणे आणि स्मरणाशी निगडित असिटिलकोलीन हे चेतासंदेशवाहक द्रव्य यांसाठी ते लागते. कॉर्नेल विद्यापीठाच्या 2018 मधील चाचणीत अखेरच्या तिमाहीत दररोज 930 मिलिग्रॅम कोलीन घेतलेल्या मातांची अर्भके 480 मिलिग्रॅम घेतलेल्या मातांच्या अर्भकांपेक्षा दृश्य संकेतांना जलद प्रतिसाद देत होती. मात्र चाचणीत मोजक्याच माता होत्या, आणि 2012 मधील अन्य एका चाचणीत पूरक कोलीनचा असा लाभ आढळला नव्हता. त्यामुळे गोळ्यांच्या जाहिरातींतील बुद्धिवर्धनाचे दावे पुराव्याच्या पुढे धावणारेच म्हणावे लागतील.

एका मोठ्या अंड्यात सुमारे 147 मिलिग्रॅम कोलीन असते व ते जवळजवळ सर्व बलकात असते. कोलेस्टेरॉलच्या धास्तीने बलक टाकून केवळ पांढरा भाग खाणाऱ्यास ते मिळत नाही. सोयाबीनच्या 100 ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे 115 ते 120 मिलिग्रॅम कोलीन असते. सोयाबीनच्या शुद्ध तेलात मात्र ते नगण्य असते, कारण शुद्धीकरणात चिकट अंश काढताना लेसिथिन त्याबरोबर निघून जाते.

अंडी न खाणाऱ्या गर्भवतीच्या दिवसभराच्या आहाराचा हिशेब उद्बोधक ठरतो. दोन पेले दुधातून सुमारे 85, दोनशे ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून 60, अर्धा कप शिजलेल्या राजम्यातून 45, फुलकोबीतून 25 आणि एका बटाट्यातून 20 मिलिग्रॅम, अशी बेरीज 235 च्या आसपास जाते. पांढऱ्या भाताची भर किरकोळच. सुमारे 215 मिलिग्रॅमची ही तूट दोन अंडी भरून काढतात. पन्नास ग्रॅम सोयाबीन मात्र तिचा चतुर्थांशच भरते. शासकीय कार्यक्रमात गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या लोह व फॉलिक आम्लाच्या गोळीत कोलीन नसते.

दीर्घकाळ शिरेवाटे पोषण घेणाऱ्या रुग्णांतही ही कमतरता आढळते, कारण त्यासाठीच्या प्रचलित द्रावणांत कोलीन पुरेसे नसते. निदान सोपे नाही. तुटवड्यातही शरीर रक्तातील कोलीनची पातळी बरीचशी टिकवून धरते, त्यामुळे नेहमीच्या रक्ततपासणीत तो दिसत नाही. यकृताची वितंचके वाढणे वा सोनोग्राफीत चरबी दिसणे हे संकेत असले, तरी स्थूलता, मधुमेह आणि मद्य यांमुळेही तेच दिसते. उलटपक्षी, दिवसाला 3,500 मिलिग्रॅमहून अधिक कोलीन घेतल्यास रक्तदाब उतरू शकतो, तर अतिसेवनाने अंगाला माशासारखा वास येऊ लागतो. अन्नातून हे प्रमाण गाठणे मात्र सहसा शक्य नसते.