संस्कृत स्वाध्यायांची तपासणी : लिंग, वचन आणि पुरुष यांच्या चुका

संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाक्यांतील नामांचे सुप् प्रत्यय आणि क्रियापदांचे तिङ् प्रत्यय जुळतात की नाही हे पाहणे, जुळत नसल्यास लिंग, वचन व पुरुष यांपैकी काय चुकले ते ठरवणे आणि उत्तराच्या कडेला त्याचे कारण लिहून गुण देणे, असे या तपासणीचे स्वरूप आहे. येथे तिचा विचार मराठीतून संस्कृतात भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात केला आहे, कारण या विद्यार्थ्यांच्या बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून येतात. वामन शिवराम आपटे यांनी संस्कृत रचनेवरील आपल्या १८८१ च्या मार्गदर्शक ग्रंथाची सुरुवात अन्वयाच्या, म्हणजे पदांच्या परस्पर जुळणीच्या विचाराने केली. तपासणीही तेथूनच सुरू करावी.

जुळणीचे नियम थोडे आहेत. विशेषण व सर्वनाम विशेष्याचे लिंग, वचन आणि विभक्ती घेतात. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याचे वचन व पुरुष घेते. तिङन्त क्रियापदाला लिंग नसते. मराठीत ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ वेगळे असले, तरी संस्कृतात दोन्हीकडे ‘गच्छति’च. त्यामुळे एका नामाचे लिंग चुकले की त्याला चिकटलेली विशेषणेही चुकतात आणि पानावर लाल खुणा प्रत्यक्ष चुकांपेक्षा जास्त दिसू लागतात. म्हणून गुण कापताना चुकलेले शब्द मोजू नयेत, चुकांची कारणे मोजावीत. शब्द मोजून गुण कापणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे, आणि त्यातून त्याला काय दुरुस्त करायचे हेही कळत नाही.

उदाहरण घेऊ. ‘माझे दोन मित्र शाळेत जातात’ या वाक्याला २ गुण आहेत आणि प्रत्येक कारणाला अर्धा गुण कापायचा आहे असे समजू. विद्यार्थ्याने लिहिले : ‘मम द्वौ मित्रौ विद्यालयं गच्छन्ति’. योग्य वाक्य : ‘मम द्वे मित्रे विद्यालयं गच्छतः’. येथे तीन शब्द चुकले आहेत, पण कारणे दोनच. सखा या अर्थी ‘मित्र’ शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी आहे; मराठीत तो पुल्लिंगी असल्याने विद्यार्थ्याने तो ‘देव’ शब्दाप्रमाणे चालवला, आणि ‘द्वौ’ ही त्याच चुकीमागून आलेली चूक आहे. विशेषण त्याने आपल्या समजुतीतल्या विशेष्याशी बरोबर जुळवले आहे. दुसरे कारण वचनाचे. नामाला द्विवचन देऊन क्रियापद मात्र बहुवचनी ठेवले. मराठीत द्विवचन नाही, म्हणून ‘दोन’ हा शब्द समोर असेपर्यंत ते आठवते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुटते. एकूण एक गुण कापावा आणि कडेला लिहावे : ‘मित्र नपुंसकलिंगी, म्हणून द्वे मित्रे. कर्ता द्विवचनी, म्हणून गच्छतः.’

दुसऱ्या विद्यार्थ्याने हेच वाक्य ‘मम मित्राः विद्यालयं गच्छन्ति’ असे लिहिले तर ‘गच्छन्ति’वर खूण करू नये. कर्त्याला द्विवचन द्यायला हवे होते हे खरे, पण लिहिलेल्या कर्त्याशी क्रियापद जुळलेले आहे. या विद्यार्थ्याला जुळणी येते, द्विवचन सुचलेले नाही. पहिल्याला द्विवचन सुचते, जुळणी शेवटपर्यंत टिकत नाही. दोघांचे गुण सारखे आले तरी शेरा वेगळाच हवा.

लिंगाच्या चुकांत तत्सम शब्द विशेष फसवे असतात. वस्तु (नपुंसक), समाधि, अञ्जलि, शपथ (तिन्ही पुल्लिंगी) हे शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाले आहेत. ‘इयं वस्तु सुन्दरी अस्ति’ या वाक्यात ‘वस्तु’ हे रूप बरोबर आहे. चूक ‘इयम्’ आणि ‘सुन्दरी’ या शब्दांवरून कळते. अशा वेळी नुसते नाम पाहून पुढे जाता येत नाही. शंका आल्यास लिंगासाठी कोश पाहावा. अमरकोशाचे मूळ नावच ‘नामलिङ्गानुशासन’ आहे.

पुरुषाची चूक तपासताना आधी परिभाषेचा घोळ बाजूला काढावा लागतो. मराठी व्याकरणात ‘मी’ प्रथम पुरुष आणि ‘तो’ तृतीय. संस्कृतात ‘सः’ प्रथम पुरुष आणि ‘अहम्’ उत्तम. ‘गम्, लट्, प्रथम पुरुष, बहुवचन’ असे विचारल्यावर विद्यार्थी ‘गच्छामः’ लिहितो. मध्यम पुरुषाची सर्व उत्तरे बरोबर आणि प्रथम व उत्तम यांची सरसकट अदलाबदल, असे दिसले तर त्याला प्रत्यय येतात, नावे उलटली आहेत. गुण कापावेच लागतील, पण ‘रूपे पाठ करा’ हा शेरा चुकीचा ठरेल.

खरी पुरुषाची चूक वाक्यात सापडते. ‘आपण काय लिहिता?’ याचे ‘भवान् किं लिखसि?’ असे भाषांतर होते, कारण समोरच्याशी बोलताना मध्यम पुरुष हवा असे वाटते. पाणिनीने मात्र (अष्टाध्यायी १.४.१०५ ते १०८) मध्यम पुरुष ‘युष्मद्’शी, उत्तम पुरुष ‘अस्मद्’शी बांधला आणि उरलेल्या सर्वांना प्रथम पुरुष दिला. ‘भवत्’ उरलेल्यांत येतो, म्हणून ‘भवान् किं लिखति?’. याच सूत्रांवरून ‘रामः अहं च फलानि खादतः’ यातली चूकही कळते. वचन बरोबर आहे, पण कर्त्यांत ‘अहम्’ असल्याने उत्तम पुरुष हवा : खादावः.

काही वेळा चूक या तिन्हींपैकी कशाचीच नसते. ‘मी पुस्तक वाचले’ याचे ‘अहं पुस्तकं पठितम्’ होते, कारण मराठीत ‘मी’ हे रूप प्रथमेलाही चालते आणि तृतीयेच्या जागीही. ‘पठितम्’ हे कर्माशी अगदी योग्य जुळले आहे. चूक विभक्तीची आहे : मया. येथे लिंगासाठी गुण कापणारा तपासनीस स्वतःच चुकतो.

विसंगत वाटणारी पण शुद्ध असलेली रूपेही माहीत हवीत. पत्नी या अर्थाचा ‘दार’ शब्द पुल्लिंगी आणि नेहमी बहुवचनी. ‘विंशतिः बालकाः क्रीडन्ति’ बरोबर, कारण विंशतीपासून नवनवतीपर्यंतचे संख्यावाचक शब्द स्त्रीलिंगी एकवचनात राहतात. ‘गुरोः वचनानि प्रमाणम्’ येथे ‘प्रमाण’ आपले लिंग व वचन सोडत नाही. एकट्याने स्वतःविषयी ‘वयम्’ म्हणणे १.२.५९ या सूत्राने चालते, मात्र क्रियापदही बहुवचनी हवे. आदरार्थी ‘गुरवः वदन्ति’ शुद्ध, साधे ‘गुरुः वदति’ही शुद्ध. ‘गुरुजी बोलतात’ डोक्यात ठेवून लिहिलेले ‘गुरुः वदन्ति’ मात्र अशुद्ध.

कारण नेमके ओळखले की नाही हे पुढच्या स्वाध्यायात पडताळता येते. ‘वस्तु’ चुकलेल्या विद्यार्थ्याला ‘मधु’ शब्दाचे वाक्य द्यावे. मराठीत मध पुल्लिंगी आहे. त्याने ‘अयं मधुः’ लिहिले तर तो मराठीचे लिंग वापरत आहे. ‘इयं मधु’ लिहिले तर उकारान्त नपुंसक शब्दांची ओळखच कच्ची असण्याचा संभव अधिक, आणि त्याला आधी ती रूपावली शिकवावी लागेल.