अनंत संच (डेडेकिंडची व्याख्या)

ज्या संचाची त्याच्याच एखाद्या उचित उपसंचाशी, म्हणजे निदान एक घटक वगळून उरलेल्या भागाशी, एकास एक संगती लावता येते तो संच अनंत, आणि ज्याची तशी संगती कोणत्याही प्रकारे लागत नाही तो सांत, अशी व्याख्या जर्मन गणिती रिखार्ट डेडेकिंड (१८३१–१९१६) याने १८८८ साली आपल्या संख्याविषयक पुस्तिकेत प्रसिद्ध केली. प्रत्येक संख्येला तिच्या वर्गाशी जोडले असता सर्व संख्या व केवळ वर्गसंख्या यांची जोडी बिनचूक जुळते, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवले होते. परंतु अनंताच्या ठायी ‘अधिक’ व ‘उणे’ हे शब्दच लागू पडत नाहीत असे म्हणून तो थांबला. ज्याला त्याने अडचण मानले त्यालाच डेडेकिंडने लक्षण ठरवले, आणि यातच त्याचे खरे धैर्य आहे.

सांत संचात अशी संगती का असू नये? भागाची मोजदाद कमी भरते म्हणून, हे उत्तर पुरेसे नाही; कारण कोणत्याही क्रमाने मोजले तरी एकच संख्या येते, हे त्यात गृहीत धरलेले असते आणि सिद्ध करावयाचे तेही वस्तुतः तेच आहे. म्हणून चार घटकांचा एक संच घेऊन त्याची संगती आपल्याच उचित उपसंचाशी लागली आहे असे क्षणभर मानू. जो घटक प्रतिमांतून वगळला गेला त्याला ड म्हणू. तेव्हा चौघांच्याही प्रतिमा अ, ब, क यांतच पडतात. ड ची प्रतिमा जी असेल तिला क हे नाव देऊ. ती जागा अडल्यामुळे अ, ब, क या तिघांच्या प्रतिमा केवळ अ आणि ब यांत मावल्या पाहिजेत, म्हणजे तीन घटकांच्या संचातही तोच प्रकार उद्भवतो. पुन्हा क ची प्रतिमा ब मानली की अ आणि ब या दोघांच्या वाट्याला एकटा अ उरतो. तो ब ने घेतला की अ ला प्रतिमाच उरत नाही, आणि मूळ गृहीतक कोसळते. चारांऐवजी कितीही घटक घेतले तरी प्रत्येक पायरीला एक घटक कमी होत जातो, आणि गणिती विगमनाने सिद्धता सर्वत्र लागू पडते.

हीच युक्ती नैसर्गिक संख्यांवर चालवून पाहिली असता ती कोठे निष्फळ होते हे स्पष्ट दिसते. प्रत्येक संख्येला तिच्या पुढच्या संख्येशी जोडले की १ वगळला जातो. १ ची प्रतिमा २, २ ची ३, अशी पायरी उतरत गेलो तरी तळ लागत नाही. कोणत्याही डेडेकिंड-अनंत संचात वगळलेल्या घटकापासून निघून प्रतिमेची प्रतिमा घेत गेल्यास कधीही पुनरावृत्त न होणारी अशीच मालिका मिळते. म्हणजे त्याच्या पोटात नैसर्गिक संख्यांची एक प्रत असतेच.

मात्र संगती एखाद्या रीतीने लागत नाही एवढ्यावरून संच सांत ठरत नाही. तशी एकही संगती अस्तित्वात नाही हे दाखवावे लागते. उलट दिशेने, मोजून न संपणाऱ्या प्रत्येक संचात वरील मालिका काढता येतेच असे म्हणण्यासाठी निवडीच्या अभिगृहीताच्या एका सौम्य रूपाचा आधार लागतो, आणि तो नाकारला तर मोजून न संपणारे तरीही डेडेकिंडच्या अर्थाने सांत असलेले संच मानण्यात तार्किक विसंगती येत नाही.